वेबिनारचं कॅप्शन तपासून द्या: चटई-पाइप कारखानदारांसाठी (जळगाव)

तापीकाठची

नमस्कार मंडळी. जळगावात आमची अकरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे. कारखान्यांसाठी बिलिंग आणि मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर करतो, आणि पोस्ट लिहिण्यापासून चहा सांगण्यापर्यंतचं मार्केटिंग माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यातल्या वेबिनारला नऊ जणांनी नोंदणी केली. त्यातले चार आमच्याच ऑफिसातले. पाचवा आमच्या सरांचा साडू.

या वेळी विषय ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं. हे कॅप्शन लिंक्डइनवर आणि एमआयडीसीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर टाकायचं आहे. निर्दयपणे वाचा:

> डिजिटल परिवर्तनाच्या युगात आपला व्यवसाय मागे तर पडत नाही ना?
> सर्व दालमिल, चटई व पाइप उद्योजकांसाठी सुवर्णसंधी! ई-इन्व्हॉइसिंगवर भव्य मोफत वेबिनार.
> विषय: ई-इन्व्हॉइसिंगचा परिचय, महत्त्व, आव्हाने, ३० दिवसांची सक्तीची मुदत, आमच्या सॉफ्टवेअरचे फायदे, प्रश्नोत्तरे.
> वक्ते: करक्षेत्रातील ख्यातनाम तज्ज्ञ, जिल्ह्यातील अव्वल सीए, २०+ वर्षांचा दांडगा अनुभव.
> गुरुवार १८ तारीख, दुपारी ४ वाजता. नोंदणीसाठी https://example.com/einvoiceवर क्लिक करा. त्वरा करा, जागा मर्यादित!

सीए सरांचं आणि आमचं नाव इथे काढून टाकलंय.

भरीतपार्टी

जागा मर्यादित? मागच्या वेळी साडू धरून नऊ होते ना ताई?

चटईवाला

मी तुमचं गिऱ्हाईक. म्हणजे अजून झालो नाही, पण ज्याच्यासाठी तुम्ही हे लिहिलंय तो मीच. एमआयडीसीत प्लास्टिक चटयांचा कारखाना आहे. खरं सांगू? दुसऱ्या ओळीपर्यंत मी पोचलोच नसतो. युग, परिवर्तन ही अक्षरं दिसली की माझा अंगठा आपोआप वर सरकतो. अशी पोस्ट दिवसाला तीन येतात, एक बँकेची, एक विम्याची आणि एक कोणाच्या तरी वाढदिवसाची.

ई-इन्व्हॉइसचं माझं दुखणं सांगतो, मग ठरवा. गेल्या पावसाळ्यात मी सुरतेला दाणा बघायला गेलो होतो. इकडे गाडी भरून गेटवर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मुनीम पोर्टलवर लॉगिन करतो तर ओटीपी माझ्या फोनवर. मी व्यापाऱ्याच्या गोदामात, तिथे रेंज नाही. दीड तास गाडी उभी. ड्रायव्हरने थांबण्याचे पैसे घेतले ते वेगळंच. याच्यावर तुमच्या वेबिनारात काही आहे का? 'आव्हाने' या शब्दात ते आलं असेल तर मला दिसलं नाही.

तापीकाठची

चटईवाले दादा, आहे. आमचा सपोर्टचा मुलगा त्याच्यावर दहा मिनिटं बोलणार आहे. मी मात्र त्याला 'आव्हाने' म्हटलं. 🤦

दाळ_तिसरी_पिढी

आम्ही तीन पिढ्या दालमिलवाले. 'सर्व दालमिल' हे कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या ३० किलोच्या कट्ट्यावर जीएसटीच नाही, तर ई-इन्व्हॉइस कुठून आलं? दालमिलला ई-इन्व्हॉइस लागत नाही, विषय संपला. ही पोस्ट आमच्या असोसिएशनच्या ग्रुपवर टाकलीत तर पहिला रिप्लाय हाच येईल आणि बाकीचे खाली हसायचे अंगठे देतील.

सीए_धुळे

दाळवाले भाऊ, अर्धं बरोबर आहे तुमचं. २५ किलोपेक्षा मोठ्या कट्ट्यावर कर नाही आणि करमुक्त मालाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागत नाही, हे खरं. पण जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर कर आहे. तुमच्याकडून कोणी एक किलो, पाच किलोची ब्रँडची पाकिटं भरून जीएसटीवाल्या डीलरला विकत असेल, तर त्या बिलांना ई-इन्व्हॉइस लागू शकतं. आणि ई-इन्व्हॉइससाठीची ५ कोटींच्या उलाढालीची मर्यादा मोजताना तुमचे ते करमुक्त कट्टेही उलाढालीत धरायचे. इथेच बहुतेकांची फसगत होते. 'करपात्र माल तर वीस लाखांचाच आहे' असं म्हणून लोक निवांत बसतात.

दाळ_तिसरी_पिढी

पाकिटं भरतो आम्ही. थोडीच. उद्या आमच्या वकिलांना विचारतो.

सीए_धुळे

विचाराच. ताई, तुमच्या कॅप्शनसाठी याचा अर्थ असा की दालमिल या वेबिनारातून वगळा. त्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो समजावायलाच अर्धा तास जाईल आणि तेवढा वेळ चटईवाले कंटाळतील. त्यांच्यासाठी वेगळं घ्या.

दुसरं, '३० दिवसांची सक्तीची मुदत' तुम्ही सगळ्यांच्या डोक्यावर ठेवली आहे. ई-इन्व्हॉइस ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्यांना आहे, पण बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर चढवण्याचं बंधन एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्यांना आहे. सहा-सात कोटींवाला माणूस तुमची पोस्ट वाचून घाबरेल, मला फोन करेल, मी सांगेन की तुला लागू नाही, आणि तो तुमच्या कंपनीचं नाव 'उगाच घाबरवणारे' म्हणून लक्षात ठेवेल. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या पोस्टमधे कायद्याची एक चूक सापडली की पुढचं सॉफ्टवेअर कोण घेणार?

रीलवाला_सोमनाथ

सोशल मीडियात सहा वर्षं आहे. साधा नियम: कॅप्शन १२५ अक्षरांत संपवायचं, त्यापुढे कोणी वाचत नाही. हॅशटॅग टाका, लिंक कॅप्शनमधेच ठेवा, आणि हेच इन्स्टावरही चालवा. गुरुवार दुपार एकदम बेस्ट वेळ.

भुसावळकर_पुण्यात

सोमनाथ, ते १२५ इन्स्टाचं आहे. तिथे साधारण तेवढं दिसतं आणि बाकीचं दुमडून जातं, संपत नाही. लिंक्डइनवर तीन हजार अक्षरं चालतात. फक्त पहिल्या दोन-तीन ओळी उघड्या असतात, पुढचं वाचायला टिचकी मारावी लागते. त्यामुळे कॅप्शन कापू नका, पहिल्या दोन ओळी राखा. आणि इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जातच नाही, नुसती अक्षरं राहतात. एकच मजकूर तिन्ही ठिकाणी चिकटवला तर एका ठिकाणी नोंदणी शून्यच येणार.

बोदवडचा_मुनीम

मी बोदवडच्या एका जिनिंगमधे हिशेब बघतो. गुरुवार दुपार बेस्ट असं कोणी लिहिलंय? १८ तारखेला? २० ला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असतं. १५ पासून २० पर्यंत मुनीम आणि सीए दोघंही जेवायला मिळालं तरी नशीब समजतात. त्याआधी ११ तारखेपर्यंत जीआर-१ चा गोंधळ. आणि दुपारी ४ ला तर गाड्या भरायची वेळ, संध्याकाळी निघायच्या असतात.

अजून एक. मालक नोंदणी करतो आणि बसवतो मला. तुमचं कॅप्शन फक्त मालकाशी बोलतंय. मुनीमालाही दिसू द्या की हे त्याच्या कामाचं आहे. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं ते मालक ठरवतो, पण 'नको मालक, हे अवघड जाईल' असं कानात सांगणारा मीच असतो.

बोदवडचा_मुनीम

जीएसटीआर-१ म्हणायचं होतं. बोट घसरलं.

चटईवाला

मुनीमभाऊंच्या शेवटच्या वाक्यावर माझी सही. माझ्या मुनीमाने दोन सॉफ्टवेअर असंच कानात सांगून परत पाठवलंय.

अमळनेरनी_माय

माले तं पयली वळच समजनी नई. पन एक इचारस, कॅप्शन म्हणजे ते बोलताना खाली अक्षरं उमटतात तेच ना? आमच्या शाळेच्या ऑनलाइन मीटिंगला मराठी अक्षरं फार विचित्र उमटतात. 'प्रवेश' चं 'परदेश' झालं होतं. त्यावर काही उपाय?

तापीकाठची

माय, इथे कॅप्शन म्हणजे पोस्टखालचा मजकूर हो. पण 'परदेश' झकास आहे. :) त्याचा वेगळा धागा काढा, मीही येते वाचायला.

भुसावळकर_पुण्यात

ताई, तुमच्या लिंकमधे मोठा खड्डा आहे, तो कोणी बघितला नाही. तुम्ही लिहिलंय `https://example.com/einvoiceवर`. आपण मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटवतो तसा लिंकलाही चिकटवलात. पण फोन त्या 'वर' ला लिंकचाच भाग समजू शकतो. माणूस दाबतो आणि 'पान सापडलं नाही' असं येतं. इंग्रजीत पुढे मोकळी जागा येते म्हणून ही चूक सहसा होत नाही, मराठी पोस्टमधे मी सर्रास बघतो. लिंक एकटी, स्वतःच्या ओळीवर. मागे-पुढे पूर्णविरामसुद्धा नको.

आता माझी लाज सांगतो. आधी ज्या कंपनीत होतो तिथे वेबिनार झूमवर होता. कॅप्शनची लिंक तपासायला मी स्वतः नोंदणी केली, मेल आला, आणि त्या मेलमधली लिंक उचलून ग्रुपवर टाकली. ती नोंदणीची लिंक नव्हतीच, माझ्या नावाने आत जायची होती. लोकांना फॉर्म दिसलाच नाही, आणि जे आत शिरले ते माझ्या नावाने. यादीत नवीन नोंदणी जवळपास शून्य. वेबिनार संपल्यावर साहेबांनी विचारलं, 'आलेल्यांची यादी दे.' यादीत मी, मी आणि मी.

ओळखायची खूण सोपी आहे. झूमच्या नोंदणीच्या लिंकमधे `register` हा शब्द दिसतो. आत जायच्या लिंकमधे साधारणपणे `/w/` आणि पुढे `tk=` असतं. ते दिसलं तर थांबा. टाकण्याआधी ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, ज्याने कधी नोंदणी केलेली नाही अशाच्या. आईचा फोन उत्तम.

तापीकाठची

बाप रे. मागच्या वेळचं कॅप्शन आत्ता उघडून बघितलं. तिथेही 'einvoiceवर' होतं. म्हणजे नऊ जण तरी कसे आले?

भरीतपार्टी

साडू चिकाटीचा असणार.

भुसावळकर_पुण्यात

काही फोन बरोबर तोडतात, काही तोडत नाहीत. म्हणून तर लक्षात येत नाही. तुमच्या फोनवर चाललं म्हणजे सगळ्यांच्या चाललं असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, त्यामुळे लिंक तुमच्याच वेबसाइटच्या पत्त्याची ठेवा आणि तिथून झूमच्या नोंदणीकडे वळवा. पुढे झूमची लिंक बदलली तरी ग्रुपमधला मेसेज खोटा पडत नाही.

सीए_धुळे

आता वक्त्यांबद्दल, कारण त्यात तुमच्या सीए सरांना त्रास होऊ शकतो. 'जिल्ह्यातील अव्वल', 'ख्यातनाम' हे विशेषण तुम्ही लिहिलंय, पण विचारणा झाली तर ती त्यांना होईल. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएने स्वतःची जाहिरात करणं, गिऱ्हाईक मागणं, यावर १९४९ च्या सीए कायद्यातच बंधनं आहेत, आणि दुसऱ्याकडून करवून घेतलेलं आडून केलेलं धरलं जाऊ शकतं. त्यांच्या फर्मचं नाव, मोबाइल, कार्डाचा फोटो हे काही टाकू नका. नाव, सीए, आणि कशावर बोलणार एवढं पुरे. पोस्ट टाकण्याआधी त्यांना पाठवून त्यांचं 'चालेल' लेखी घ्या.

तापीकाठची

पण मग श्रेय काय दाखवायचं? 'वीस वर्षं अनुभव' एवढं तरी?

सीए_धुळे

अनुभवाची वर्षं लिहावी की नाही यावर आमच्यातच दोन मतं आहेत. मी लिहीत नाही.

भुसावळकर_पुण्यात

मी लिहिलं असतं. खरेदी करणाऱ्याला काहीतरी धरायला लागतं.

चटईवाला

मला वीस वर्षांचं काही नाही. वीस वर्षं कोणीही काढतो. आपल्या गल्लीत कोणाचं काम केलंय ते सांगा. ताई, तो सपोर्टचा मुलगा म्हणालात तो कोण? त्याने चटईच्या कारखान्यात कधी बसून बिल बनवलंय का? आमच्याकडे माल किलोत येतो, चटया नगात निघतात, बिल कधी नगावर कधी किलोवर. ते ज्याने बघितलंय त्याचं ऐकेन मी.

तापीकाठची

बसलाय ना. एमआयडीसीतल्या १४ कारखान्यांत त्याने स्वतः बसून ई-इन्व्हॉइस सुरू करून दिलंय, त्यातले सहा चटईचे. आम्ही त्याचं नावसुद्धा कॅप्शनमधे घातलं नव्हतं. तो 'आमची टीम' मधे गेला होता.

चटईवाला

मग त्यालाच पुढे करा की!

सीए_धुळे

हे चांगलं आहे, आणि १४ चा आकडा कोणी विचारला तर दाखवता येईल ना एवढं बघा. विषयपत्रिकेत 'परिचय, महत्त्व' काढा. ५ कोटींच्या वरचा माणूस काही वर्षं ई-इन्व्हॉइस करतोय, त्याचा परिचय काय करून देता? त्याला अडतं तिथलं लिहा. माझ्याकडे सर्वात जास्त फोन चुकलेल्या बिलाचे येतात. पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द करता येतं, पण ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. गाडी निघाली आणि वाटेत तपासणी होऊन गेली तर तेही हातातून गेलं. मग क्रेडिट नोट. आणि रद्द केलेला बिल नंबर परत वापरता येत नाही, हे तर निम्म्या मुनीमांना माहीतच नसतं. रद्द करून त्याच नंबराने पुन्हा बनवायला जातात आणि पोर्टल नाकारतं.

बोदवडचा_मुनीम

त्या निम्म्यांत मी होतो. मार्चमधे.

चटईवाला

आणि एक: 'आमच्या सॉफ्टवेअरचे फायदे' मधेच लपवू नका. विकायला आलात हे आम्हाला कळतं. किती मिनिटं विकणार ते सरळ सांगा, तेवढी ऐकतो.

तापीकाठची

दोन तास बसले. सरांशी १८ तारखेवरून वाद झाला, '२४ ला माझी पुण्याला मीटिंग आहे' म्हणाले. म्हटलं, तुम्ही पुण्यातून बघा, मुनीम तरी येतील. सीए सरांना मजकूर पाठवला, त्यांनी 'ख्यातनाम' काढल्याबद्दल आभार मानले! हे लिंक्डइनचं:

> मालक सुरतेला, ओटीपी मालकाच्या फोनवर, भरलेली गाडी गेटवर.
> ५ कोटींच्या वर उलाढाल असलेले चटई आणि पाइप कारखानदार आणि त्यांचे मुनीम यांच्यासाठी: ई-इन्व्हॉइसवर ४५ मिनिटं. मराठीत, मोफत.
>
> बुधवार २४ तारीख, सकाळी ११.३० ते १२.१५, झूमवर
>
> ११.३० मुनीमाला त्याचं स्वतःचं लॉगिन, त्याच्याच मोबाइलवर ओटीपी: पोर्टलवर प्रत्यक्ष करून दाखवू
> ११.४० बिल चुकलं. २४ तासांच्या आत काय, नंतर काय, आणि तो नंबर परत का चालत नाही
> ११.५५ उलाढाल १० कोटी किंवा जास्त असेल तर: ३० दिवसांची मुदत
> १२.०० हीच कामं आमच्या सॉफ्टवेअरमधे. पाच मिनिटं, घड्याळ लावून
> १२.०५ तुमचे प्रश्न
>
> बोलणार: आमच्या सपोर्टचा (नाव), ज्याने एमआयडीसीतल्या १४ कारखान्यांत बसून ई-इन्व्हॉइस सुरू करून दिलं, त्यात सहा चटईचे. चुकलेलं बिल आणि मुदत यावर सीए (नाव).
>
> नोंदणी:
> https://example.com/einvoice

व्हॉट्सअ‍ॅपसाठी पहिल्या तीन ओळी आणि लिंक एवढंच ठेवलंय. इन्स्टावर टाकतच नाही. चटईवाले दादा, सुरत तुमची चोरली. चालेल ना?

चटईवाला

चालेल. दीड तासाचे ड्रायव्हरचे पैसे मात्र द्या. :)

'सहा चटईचे' हे वाचून मी नोंदणी करेन. त्यातला एक माझा शेजारी असणार, त्याला विचारून घेईन.

रीलवाला_सोमनाथ

गेटवरच्या गाडीचा व्हिडिओ करा, दहा सेकंद, हॉर्नसकट. हे मात्र इन्स्टावर चालेल. लिंक प्रोफाइलमधे.

भुसावळकर_पुण्यात

सोमनाथ, हे पटलं. ताई, एक उरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकखाली जी चौकट येते, तिच्यात तुमच्या वेबसाइटच्या पानाचं शीर्षक उमटतं. तिथे अजून 'डिजिटल परिवर्तन' असेल तर वरची सुरत वाया. वेबसाइटवाल्याला आधी पानाचं शीर्षक बदलायला सांगा आणि मगच ग्रुपवर टाका, नाहीतर जुनीच चौकट चिकटून बसते.

तापीकाठची

बघितलं. तिथे 'Home' लिहिलेलं आहे. फक्त 'Home'. सांगते बदलायला.

बोदवडचा_मुनीम

ताई, नोंदणीच्या फॉर्ममधे मोबाइल नंबर सक्तीचा आहे का? मागे एका कंपनीच्या वेबिनारला नंबर दिला, तासाभरात विक्रीवाल्याचा फोन. दोन महिने चालू होते. तेव्हापासून मी मालकाचा जुना बंद नंबर टाकतो.

तापीकाठची

सरांना सक्तीचा हवाय. 'नंबर नसेल तर वेबिनार कशाला?' असं म्हणतात. मी म्हणते ईमेल पुरे, नंबर ऐच्छिक.

भुसावळकर_पुण्यात

तुमचे सर अगदीच चुकीचे नाहीत. आपल्याकडे मुनीम मेल उघडत नाहीत, आठवण व्हॉट्सअ‍ॅपवरच पोचते.

चटईवाला

आठवण पाठवा, फोन करू नका. तसं कॅप्शनमधे लिहाल का?

तापीकाठची

मी लिहायला तयार आहे. सर पुण्याहून आले की विचारते.